पाचटाचं क्रेडिट आणि छत्तीस गुंठ्यांची पट्टी

निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसाचा फड तुटला की दोन-चार दिवसांत पाचट पेटवायचं, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. खोडवा लवकर धरता येतो, उंदीर पळतात, पाणी सरीतनं सरळ पळतं, आणि मजूर न लावता रान मोकळं होतं. त्यामुळं एका कार्बन कंपनीचा सुपरवायझर आमच्या वेदगंगेकाठच्या गावात सोसायटीच्या कट्ट्यावर आला आणि म्हणाला, "पाचट जाळू नका, कुजवा, त्याचे पैसे मिळतील," तेव्हा पहिला प्रश्न आला, "कोण देणार? कारखाना?" पोरगा अथणीकडचा, कन्नड-मराठी दोन्ही सफाईनं बोलणारा. त्यानं सांगितलं, पैसे देणार लांबची एखादी विमान कंपनी नाहीतर सॉफ्टवेअर कंपनी. तुम्ही हवेत जाणारा एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवला किंवा जमिनीत मुरवला, की त्याचं एक क्रेडिट होतं आणि ते विकलं जातं.

मी निपाणीत दुकान बघतो, शेती आप्पा आणि मी मिळून करतो. कागदपत्रांचं काम घरात माझ्याकडं असतं, म्हणून ह्या योजनेतही मीच पडलो. हे लिहितोय कारण गावातली माणसं मला विचारतात, "तुझं झालं का रं ते कार्बनचं?" आणि त्याचं उत्तर कट्ट्यावर उभ्या उभ्या देता येत नाही.

पहिलीच गाठ पडली ती मागच्या तीन वर्षांची. नोंदणीच्या वेळी सुपरवायझर प्रत्येकाला विचारत होता की गेल्या तीन हंगामांत पाचटाचं काय केलं. आमच्या शेजारच्या तात्यांनी छाती पुढं काढून सांगितलं, "मी कैक वर्षं काडी लावलेली नाही." त्यांना वाटलं आपला नंबर पहिला. सुपरवायझरनं वही मिटली आणि म्हणाला, "तात्या, मग तुमचं बसत नाही."

क्रेडिट चांगल्या वागणुकीचं मिळत नाही, बदलाचं मिळतं. योजना आली नसती तरी जे होणारच होतं, ते मोजायचं नाही, हा ह्या बाजाराचा पाया आहे. जमिनीतल्या कार्बनसाठी क्रेडिटचे नियम ठरवणाऱ्या व्हेरा ह्या संस्थेची व्हीएम ००४२ नावाची पद्धत वापरतात. तिच्यात शेताचा किमान तीन वर्षांचा इतिहास घ्यावा लागतो, आणि एखादी रीत त्या भागात वीस टक्क्यांपेक्षा जास्त पसरलेली असेल तर ती नवी धरता येत नाही. कागदावर हे बरोबरच आहे. जो आधीच जाळत नव्हता त्याला पैसे देऊन हवेत काहीच फरक पडत नाही. पण गावात त्याचा अर्थ असा झाला की ज्यानं सगळ्यांच्या आधी पाचट कुजवलं तो बाहेर आणि जो परवापर्यंत पेटवत होता तो आत. तात्या अजून माझ्याशी त्यावरून भांडतात, जणू नियम मीच काढला. "मग यंदा जाळतो आणि पुढच्या साली येतो," असंही ते म्हणाले. एक साल जाळून तीन वर्षांचा इतिहास बदलत नाही, हे त्यांना समजावताना माझी संध्याकाळ गेली.

आमचं बसत होतं. आप्पांनी लागणीचा ऊस गेल्यावर जाळलं होतं, खोडव्यातही जाळलं होतं, आणि उपग्रहाच्या जुन्या चित्रांत ते दिसतही होतं. आयुष्यात पहिल्यांदा जाळल्याचा पुरावा कामाला आला म्हणायचा.

मग उतारे. आमची जमीन तीन ठिकाणी आहे. मळा एक एकर सहा गुंठे, नदीकाठची पट्टी छत्तीस गुंठे, आणि आईकडून आलेले वीस गुंठे सीमेपलीकडं कागल तालुक्यात. मळ्याचा आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, आप्पांच्या एकट्याच्या नावावर आहे, म्हणून तो एका दिवसात झाला. आधार, बँक पासबुक, फ्रूट्स ह्या कर्नाटकाच्या शेतकरी नोंदणीचा आयडी, आरटीसी, सही.

पट्टीचं तसं नाही. आजोबा गेल्यावर वारसा लागला, पण एकत्र लागला. आप्पा, दोन काका आणि आत्या अशी चार नावं एकाच हिश्श्यावर आहेत. कसायला सगळ्यांनी आपापला भाग धरलाय, बांध घातलाय, त्याला तीसेक वर्षं झाली; पण पोडी झालेली नाही, म्हणजे सरकारी मोजणी होऊन स्वतंत्र हिस्सा नंबर पडलेला नाही. कंपनीचं म्हणणं, करारावर उताऱ्यातल्या प्रत्येकाची सही हवी. धाकटे काका इचलकरंजीला असतात. त्यांनी करार मागवून वाचला आणि विचारलं, "ह्यात दहा वर्षं लिहिलंय. उद्या मला माझा हिस्सा विकायचा झाला तर?" प्रश्न बिनतोड होता. करारात लिहिलं होतं की जमीन विकली तर नव्या मालकानं रीत पुढं चालवावी, नाहीतर दिलेल्या क्रेडिटचा हिशोब मागं लागू शकतो. वर्षाकाठी तीन-चारशे रुपयांसाठी भावाच्या व्यवहारात असली अट कोण घालून ठेवील? आत्या म्हणाली, "तू म्हणशील तिथं अंगठा देते," पण काकांशिवाय तिच्या अंगठ्याचा उपयोग नव्हता. पोडी करून घ्या, असं सुपरवायझर सहज म्हणून गेला. नाडकचेरीत अर्ज, सर्व्हेअरची वाट, चारही वारसांची हजेरी, हे सगळं एका क्रेडिटसाठी कोणी करत नाही. ते वाटणीसाठी करायचं असतं, आणि वाटणी काढली की घरात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कागलचे वीस गुंठे तर विषयच संपला. पाचट तेच, माणूस तोच, मधे फक्त राज्याची हद्द. तिकडचा सातबारा कर्नाटकाच्या फ्रूट्समध्ये येत नाही, आणि कंपनीची नोंदणी त्या आयडीवर चालते. आमच्याकडं असे निम्मे लोक आहेत ज्यांचं एक रान ह्या राज्यात आणि एक त्या राज्यात. त्यांची जमीन आधीच कमी, ती अशा योजनेत आणखी कमी होते.

ह्या सगळ्यांपेक्षा वाईट गत वाट्यानं करणाऱ्यांची. जमीन सुधारणा कायद्यातल्या १९७४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतजमीन खंडानं द्यायला जवळजवळ बंदीच आहे. तरी रानं दिली जातात, फक्त तोंडी. आमच्या आळीतला एकजण कोल्हापूरला राहणाऱ्या मालकाची सव्वा एकर वाट्यानं करतो. पाचट तो कुजवणार, फोटो तो काढणार, पण सही मालकाची लागते. मालकानं फोनवर ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. फॉर्म नंबर सात भरून कुळांनी जमिनी मिळवल्या, त्या गोष्टी ह्या भागातल्या प्रत्येक मालकाच्या घरात सांगितल्या जातात. रान दुसरा माणूस करतो हे दाखवणारा कसलाही कागद त्याला नकोय, मग तो कार्बनचा का असेना.

आता मोजमापाकडं येतो. मला ह्यात सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

नोंदणी झाल्यावर शेताची हद्द मोबाइलवर चालून काढतात. ॲप चालू करून बांधाबांधानं फिरायचं, मागं एक रेघ उमटत जाते. मळ्यात हे ठीक झालं, मळा साधारण चौकोनी आहे. पट्टीचा प्रयोग आम्ही काकांच्या सहीची आशा होती तेव्हाच करून बघितला होता. ती अठरा मीटर रुंद आणि दोनशे मीटर लांब आहे, नदीकडं उतरत गेलेली. मोबाइलचं जीपीएस उघड्या रानात तीन ते पाच मीटरनं चुकतं. पन्नास एकरांच्या सलग रानात चार मीटर इकडं-तिकडं झालं तर कुणाला पत्ता लागत नाही. अठरा मीटरच्या पट्टीत दोन्ही बांधांवर चार-चार मीटर चुकलं तर खात्रीची जागा दहा मीटरच उरते. आमच्या रेघेनं तर मधल्या काकांच्या उसातनं वळसा घेतला होता. असं क्षेत्र दुसऱ्याच्या नोंदीवर चढलं की ॲप ते लाल दाखवतं, कारण एकाच जमिनीचं क्रेडिट दोनदा विकलं गेलं तर अख्खा प्रकल्प अडकतो.

पुढं उपग्रह. पाचट जाळलं की नाही हे कोणी रोज येऊन बघत नाही. सेंटिनेल-२ नावाचे युरोपचे उपग्रह साधारण पाच दिवसांनी एकदा त्याच जागेवरून जातात. त्यांच्या चित्रातला बारीकात बारीक चौकोन दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटर. गंमत अशी की आपला एक गुंठा एकशे एक चौरस मीटरचा असतो. उपग्रह जवळजवळ गुंठ्यातच मोजतो. पण जळालेलं रान ओळखायला जो अवरक्त प्रकाश वापरतात त्याचा चौकोन वीस मीटरचा असतो. आमची पट्टी अठरा मीटरची. म्हणजे तिच्यातला एकही चौकोन निव्वळ आमचा नाही, प्रत्येकात शेजाऱ्याचं रान मिसळलेलं. त्यानं जाळलं तर आमचं अर्धवट जळाल्यासारखं दिसणार, आम्ही जाळलं तर त्याचं. मळ्यात मधले काही चौकोन तरी पुरते आमचे पडतात.

पेटती आग दाखवणारे उपग्रह वेगळे. त्यांतल्या व्हीआयआयआरएस यंत्राचा चौकोन ३७५ मीटरचा आहे. हिशोब केला तर तो सुमारे पस्तीस एकर होतो. आमच्या शिवारात पस्तीस एकरांत सहज वीस-पंचवीस खातेदार असतात. तिथं ठिपका उमटला तर आग कुणाच्या रानात लागली हे त्या ठिपक्यावरून ठरत नाही. सुपरवायझरनं प्रामाणिकपणं सांगितलं की असा ठिपका आला की आम्ही सेंटिनेलचं पुढचं चित्र बघतो, आणि तरी कळलं नाही तर शेतात येतो. हंगामात त्याच्याकडं किती गावं असतात हे बघितल्यावर तो येईल ह्यावर मी फार भिस्त ठेवली नाही. म्हणून फड तुटल्यावर, पाचट पसरल्यावर आणि सरीत दाबल्यावर मी स्वतः जागेच्या खुणेसकट फोटो काढून ॲपवर टाकले.

माती तपासणीचं पथक मे महिन्यात आलं, पावसाच्या आधी. मी आमची मृदा आरोग्य पत्रिका काढून ठेवली होती, तिच्यात सेंद्रिय कर्ब ०.६१ टक्के लिहिलाय. पथकातल्या मुलीनं ती बघितली आणि परत दिली. तिनं दिलेली कारणं मला पटली. पत्रिकेचा नमुना वरच्या पंधरा सेंटिमीटरांचा असतो, क्रेडिटला किमान तीस लागतात. पत्रिकेला जी रासायनिक पद्धत वापरतात ती मातीतला सगळा कर्ब पकडत नाही, साधारण तीन चतुर्थांश पकडते आणि बाकी एका ठराविक गुणकानं वाढवून लिहितात. आणि पत्रिकेत मातीचं घनत्व नसतं. टक्के कळले, पण माती किती टन आहे हे कळलं नाही तर कर्ब किती टन हे कसं निघणार? त्यासाठी ते लोखंडी कडं जमिनीत ठोकून ठराविक आकारमानाची माती अखंड काढतात, भट्टीत वाळवून वजन करतात.

आमच्या काळ्या रानात ह्यातही भानगड आहे. ओली असताना ही माती फुगते, वाळली की भेगाळते, त्यामुळं घनत्व महिन्यागणिक बदलतं. पहिला नमुना कोरड्या मेमध्ये आणि दुसरा काही वर्षांनी ओल्या नोव्हेंबरमध्ये घेतला, तर कर्ब न वाढता आकडा हलेल. दुसरं म्हणजे चुनखडी. त्या मुलीनं मातीच्या ढेकळावर आम्लाचे थेंब टाकले आणि फेस आला. चुनखडीतही कार्बन असतो, पण तो पाचटाचा नव्हे, दगडातला. माती जाळून एकूण कार्बन मोजणाऱ्या यंत्रात तोही मोजला जातो, म्हणून आधी आम्लानं चुनखडी काढून टाकावी लागते किंवा वेगळी मोजून वजा करावी लागते. एखाद्या प्रयोगशाळेनं एवढं केलं नाही तर काळ्या रानाचा कर्ब विनाकारण जास्त दिसतो. खानापूरकडच्या तांबड्या मातीला ही अडचण फारशी येत नाही.

नमुना सरीत घ्यायचा की वरंब्यावर, ह्यावर आप्पांनी त्यांना अडवलं. पाचट आम्ही सरीत दाबतो, तिथं कर्ब जास्त मिळणार. पथकाकडं जागा आधीच संगणकानं काढलेल्या होत्या, त्या हलवायच्या नव्हत्या. "जिथं ठिपका तिथं खड्डा," असं मुलगी म्हणाली. आप्पांना ते पटलं नाही, मला पटलं. शेतकऱ्यानं दाखवलेल्या जागेवर खणलं तर नमुना नेहमी चांगल्याच जागेचा येईल.

पण आमच्या मळ्यात त्यांनी खड्डा मारलाच नाही. ठिपका पडला होता पलीकडच्या चिंचेजवळच्या रानात, पथक फक्त आमच्या बांधावरून गेलं. नोंदणी झालेल्या शेतांतल्या थोड्याच शेतांत नमुने घेतात. बाकीच्यांचा आकडा संगणकातल्या मॉडेलनं काढतात. मातीचा प्रकार, पाऊस, तापमान, किती पाचट, किती युरिया, किती नांगरट हे भरायचं आणि मॉडेल सांगतं कर्ब किती वाढला असेल. खणलेल्या नमुन्यांशी ते ताडून बघतात, आणि जेवढी अनिश्चितता जास्त तेवढी क्रेडिट कापतात. म्हणजे आमच्या मळ्याचं जे काही मिळेल ते आमच्या मळ्यात मोजलेलं नसेल.

असं का करतात, हे मी घरी वहीवर हिशोब मांडला तेव्हा कळलं. एक एकर म्हणजे चार हजार सत्तेचाळीस चौरस मीटर. तीस सेंटिमीटर खोलीची माती धरली तर बाराशे चौदा घनमीटर. घनत्व १.३ धरलं तर ती माती झाली सुमारे पंधराशे ऐंशी टन. आता पाचट. चांगल्या उसाचं एकरी चार टन वाळलं पाचट निघतं, त्यात कार्बन सुमारे एक टन सातशे किलो. ह्यातला बराचसा वर्षभरात किडे, बुरशी आणि जिवाणू खाऊन पुन्हा हवेत सोडतात. ढोबळमानानं दहा-पंधरा टक्के मातीत टिकतो असं धरलं तर दोनशे किलो. दोनशे किलो कार्बन पंधराशे ऐंशी टन मातीत मिसळला, तर सेंद्रिय कर्ब किती वाढला? ०.०१३ टक्के. पत्रिकेवर ०.६१ चं ०.६२ झालं म्हणायचं. आणि एकाच रानात दहा पावलं सोडून दोन नमुने घेतले तरी त्यांत ०.१० चा फरक सहज येतो. वर्षाची वाढ त्या फरकाच्या आठव्या हिश्श्याएवढी. एका एकरात ती पकडायची तर इतके खड्डे मारावे लागतील की तपासणीचं बिल उसाच्या बिलाच्या वर जाईल. हजारो एकर एकत्र केले, पाच वर्षं थांबलं, तर सरासरीत वाढ दिसू शकते. छोट्या शेतकऱ्याला एकटं जाता येत नाही ते ह्यामुळं. कंपनी लबाड असो की प्रामाणिक, हे गणित बदलत नाही.

हाच हिशोब पैशापर्यंत नेला. दोनशे किलो कार्बन म्हणजे सुमारे ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड, कारण कार्बनला प्राणवायू चिकटला की वजन ४४ भागिले १२ पटीनं वाढतं. न जाळल्याचं वेगळं मिळतं, पण तिथं मला धक्का बसला. पाचट जाळल्यावर जो प्रचंड धूर दिसतो त्यातला कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. तो उसानं हवेतनंच घेतलेला असतो आणि पुढचा ऊस परत घेतो. मोजतात तो फक्त अर्धवट जळताना निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. चार टनांतलं ऐंशी टक्के जळलं असं धरलं, तर मिथेन सुमारे साडेआठ किलो आणि नायट्रस ऑक्साइड पाव किलोच्या आत. त्यांची उष्णता धरायची ताकद लावून हिशोब केला की दोन्ही मिळून ०.३० टन होतात. ह्यातनं पुन्हा वजावट आहे. पाचट कुजायला आपण टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो जिवाणू टाकतो. चार टनाला बत्तीस किलो युरिया झाला, आणि त्यातनं मातीत जो नायट्रस ऑक्साइड निघतो त्याचे ०.०६ टन. खत एरवीच्या मात्रेतनं वळतं केलं तर ही वजावट टळते, पण तसं डायरीत लिहिलेलं हवं, आणि बिलं हवीत.

सगळं मिळून एकराला वर्षाला सुमारे एक क्रेडिट. अनिश्चिततेची कपात आणि पुढं कधी रान नांगरून कर्ब उडाला तर म्हणून राखून ठेवायचा हिस्सा, हे दोन्ही धरून आमच्या सुपरवायझरनं तिसरा हिस्सा जाईल असा अंदाज दिला. उरलं ०.६५. क्रेडिट हजार रुपयांना गेलं असं समजू, कारण करारात भाव लिहिलेला नाही, विक्रीच्या किमतीचा साठ टक्के हिस्सा एवढंच लिहिलंय. म्हणजे एकराला वर्षाकाठी चारशे रुपयांच्या आत. तेही दर वर्षी हातात पडत नाहीत. आधी प्रकल्पाची नोंदणी, मग देखरेखीचा काळ, मग तिसऱ्याच संस्थेचे पडताळणीवाले येणार, मग क्रेडिट निघणार, मग विकलं जाणार. कट्ट्यावरच्या पहिल्या बैठकीत जो आकडा सांगितला होता तो ह्याच्या कैक पट होता. तो कुठनं आला असं मी विचारलं, तर म्हणे ते झाडं लावायच्या योजनेचं उदाहरण होतं.

ह्या चारशेसमोर खर्च ठेवून बघा. न जाळलेला ऊस तोडायला टोळी खुशाली जास्त मागते. पाचटाची कुट्टी करणाऱ्या मशीनचं एकरी भाडंच ह्या रकमेच्या कितीतरी पट आहे. बुडखे छाटायचे, बगला फोडायच्या, पाणी सावकाश पळतं म्हणून रात्रीच्या विजेवर मोटर जास्त वेळ चालवायची. हे सगळं क्रेडिटच्या पैशातनं निघत नाही. निघतं ते दुसऱ्याच हिशोबातनं. मळ्यात ओल टिकते, एप्रिलमध्ये एखादं पाणी वाचतं, तण कमी येतं. आप्पा आता पाचट जाळत नाहीत ते ह्यासाठी, आणि ते तसं उघड सांगतात. उद्या पडताळणीवाल्यासमोर सांगितलं तर काय होईल, ह्याची सुपरवायझरला जरा काळजी वाटते. मी आप्पांना गप्प बसायला सांगितलेलं नाही.

कंपनीच्या बाजूनंही बघितलं पाहिजे. आमच्या मळ्यासाठी त्यांनी जेवढी कागदं केली, हद्द फिरवली, फोटो तपासले, तेवढीच पन्नास एकरांच्या एका खात्याला लागली असती. पडताळणी संस्थेची फी प्रकल्पाला लागते, एकराला नाही. म्हणून ते मोठी, सलग, एकाच नावाची रानं शोधत फिरतात. अथणीच्या बाजूला तशी मिळतात, आमच्याकडं मिळत नाहीत. केंद्राच्या कृषी मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजारासाठी एक चौकट जाहीर केली, तिच्यात छोट्या शेतकऱ्यांना बाजारात आणायची गोष्ट आहे. पण सामाईक उताऱ्यावर कुणाची सही धरायची, हा आमच्या काकांचा प्रश्न अजून आमच्याच घरात पडलाय.

गावातनं नाव देणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त गळले. काही तात्यांसारखे तीन वर्षांच्या अटीत, बरेचसे सामाईक उताऱ्यात, काही जमीन दुसऱ्याची म्हणून. आमचा मळा आत आहे. एक हंगाम झाला, डायरी भरली, फोटो गेले, पैसे अजून आलेले नाहीत आणि आत्ताच येतील असं करारही म्हणत नाही.

एक गोष्ट मात्र मी लेखी मागितली आहे. आमच्या भागात टोळीच कधी कधी न विचारता फड पेटवते, तोड लवकर उरकते म्हणून. शेजारच्या फडाची ठिणगी उडून पसरलेलं पाचट जाणं तर दर हंगामात कुणाच्या तरी वाट्याला येतं. अशा वेळी करारातलं "रीत मोडली" हे कलम लागणार का, आणि मागची क्रेडिट परत मागणार का? सुपरवायझर तोंडी म्हणतो, "नाही लागत, अण्णा, फक्त त्याच दिवशी फोटो आणि पंचनामा टाका." पंचनामा कुणाचा, पोलिसाचा की तलाठ्याचा, हे त्यालाही नक्की सांगता आलं नाही. त्याच्या वरच्या साहेबांना मी मेल केलाय. मधल्या काकांनी सही द्यायची तयारी दाखवली आहे आणि इचलकरंजीचे काका विचार करतो म्हणालेत, पण ह्या मेलचं उत्तर आल्याशिवाय पट्टीची कागदं मी पुढं सरकवणार नाही. तोवर तिथलं पाचट एका आड एक सरीत दाबतोय, योजनेबाहेर.